ड्रोनचित्रांतील झाडांची मोजणी

ड्रोनने वरून टिपलेल्या छायाचित्रांत प्रत्येक झाड ओळखून त्याभोवती चौकट आखणाऱ्या प्रशिक्षित मॉडेलच्या साहाय्याने झाडे मोजण्याची पद्धत. गावातली छपरेही याच रीतीने मोजता येतात. या नोंदीत मात्र कोकणातील आंब्याच्या बागेचे उदाहरण घेतले आहे, कारण तिथे मोजणीतल्या चुका सहज नजरेस येतात.

ड्रोनच्या एका उड्डाणात एकमेकांवर बरीच चढलेली शेकडो छायाचित्रे घेतली जातात. ती जोडून संपूर्ण बागेचे एकच सरळ, नकाशासारखे मापात असलेले चित्र तयार होते. त्याला ऑर्थोमोझॅक म्हणतात. मॉडेल एवढे मोठे चित्र एकदम वाचत नाही. त्याचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात झाडे शोधली जातात आणि प्रत्येक चौकटीला 0 ते 1 यांमधला विश्वासांक मिळतो.

या कामासाठी जगभर वापरले जाणारे मुक्त मॉडेल म्हणजे डीपफॉरेस्ट. ते अमेरिकेतील जंगलांच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवर शिकवलेले आहे. त्या छायाचित्रांत एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे 10 सेंमी मावतात, म्हणजे 400 पिक्सेलच्या तुकड्यात 40 मीटर बाग दिसते. ड्रोनचे चित्र याहून बारीक असते. पिक्सेल 3 सेंमीचा असेल तर तेवढ्याच तुकड्यात फक्त 12 मीटर येतात. मोठ्या कलमाचा एकच घेर सगळा तुकडा व्यापतो आणि मॉडेल त्याच्या फांद्यांनाच वेगवेगळी झाडे समजते. पहिल्या प्रयत्नात संख्या अवाच्या सवा येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. उपाय सोपा आहे: चित्राचा पिक्सेल 10 सेंमीवर आणावा किंवा तुकड्याचे माप ठरवणारा `patch_size` त्या प्रमाणात वाढवावा. तुकड्याच्या कडेला कापले गेलेले झाड दोनदा मोजले जाऊ नये म्हणून `patch_overlap` देऊन तुकडे एकमेकांवर थोडे चढवतात. मग एकमेकींवर बऱ्याच आलेल्या चौकटींपैकी जास्त विश्वासांकाची तेवढी ठेवली जाते.

तपासणीची पहिली पायरी कागदावरच होते. 10 मीटर × 10 मीटर अंतराच्या लागवडीत हेक्टरी 100 कलमे बसतात. मॉडेलने हेक्टरी 180 सांगितली, तर पुढे जाण्याआधी पिक्सेलचे माप पाहावे. पण बेरीज जुळली म्हणून मोजणी बरोबर आली असे मानता येत नाही, आणि घाईत नेमके हेच विसरले जाते.

समजा, 20 हेक्टर बागेत मॉडेलने 1,995 चौकटी आखल्या. बागेत 50 मीटर बाजूचे पाच चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडले आणि मॉडेलच्या चौकटी लपवून त्यांतली झाडे हाताने खुणावली. चौकटी समोर असल्या की डोळा त्यांच्याच मागे जातो, म्हणून त्या लपवणे आवश्यक. घेराचा मध्य चौकोनात असेल तरच झाड धरायचे. हाताने 120 झाडे मिळाली, मॉडेलच्या चौकटी 126. फरक अवघा 5 टक्के. मात्र एकेक चौकट जुळवल्यावर 108च जुळल्या. उरलेल्या 18 खोट्या निघाल्या आणि 12 झाडे सुटलेली होती. म्हणजे मॉडेलच्या शंभर चौकटींपैकी सुमारे 86 खऱ्या, आणि शंभर झाडांपैकी 90 सापडलेली. दोन्ही बाजूंच्या चुकांनी एकमेकींना झाकले होते.

जुळणी ठरवताना दोन चौकटींचा सामाईक भाग भागिले दोघींनी मिळून व्यापलेला भाग, हे गुणोत्तर काढतात. ते साधारण 0.4 किंवा अधिक असेल तर झाड सापडले असे मानतात. एका झाडाला एकच चौकट जुळू शकते.

मग प्रत्येक खोटी चौकट उघडून कारण लिहावे. बांधावरची करवंदीची जाळी, गवताची गंजी, दुपारनंतरची लांब सावली, वाऱ्याने फांद्या हलल्यामुळे जोडचित्रात दुहेरी उमटलेला घेर, ही कारणे पुन्हा पुन्हा भेटतात. सुटलेली झाडे बहुधा नवी रोपे किंवा घेर एकमेकांत मिसळलेली जुनी कलमे असतात. विश्वासांकाची मर्यादा वाढवली तर जाळ्या कमी होतात, पण त्यांच्याबरोबर रोपेही जातात. त्यामुळे जाळ्यांसारख्या चुकांसाठी त्याच बागेतल्या खुणावलेल्या चित्रांवर मॉडेलला पुन्हा शिकवणे अधिक उपयोगी ठरते. त्यासाठी वापरलेले चौकोन तपासणीत मात्र घेऊ नयेत.

नमुन्यावरून एकूण संख्या सुधारता येते: 1,995 ला 120/126 ने गुणल्यास 1,900 झाडे येतात. पाचही चौकोनांत चुकांचे प्रमाण साधारण सारखे असेल तरच हा आकडा विश्वासार्ह आहे. बहुतेक खोट्या चौकटी बांधालगतच्या एकाच चौकोनात असतील, तर बांध आणि आतली बाग यांचे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतात. उड्डाणाचा हंगाम बदलला तरी तपासणी नव्याने करावी लागते: आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, आणि हिरव्या घेरांवर काढलेले प्रमाण तिला लागू होईलच असे नाही.