‘आलंच नाही’ आणि ‘सांगितल्यासारखं नाही’: परदेशी ऑर्डरीवरच्या दोन वेगळ्या तक्रारी

निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातली कोल्हापुरी चपल आता कारखान्यातून थेट मँचेस्टरला किंवा टोरोंटोला जाते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही चार जिल्हे आहेत. त्यामुळे आपल्याकडची चपल त्याच नावानं बाहेर विकता येते. पैसे परदेशी कार्डावरून गेटवेमार्फत, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात देणाऱ्या कंपनीमार्फत येतात. चार्जबॅकचा धोका इथूनच सुरू होतो. गिऱ्हाईक आपल्याशी न बोलता त्याच्या बँकेत तक्रार करतं, बँक रक्कम परत ओढते, गेटवे ती आपल्या खात्यातून वळती करतो आणि बहुतेक वेळा वर फीही लावतो. आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते, पण पैसे गेल्यावर.

तक्रारी अनेक प्रकारच्या असतात. हातानं बनवलेला माल पाठवणाऱ्यांच्या वाट्याला मात्र दोनच जास्त येतात: ‘माल मिळालाच नाही’ आणि ‘माल मिळाला, पण सांगितल्यासारखा नाही’. कारखान्यात दोन्हींना ‘गिऱ्हाईक पैसे परत मागतंय’ असं एकच नाव असतं आणि दोन्हींना एकच कागद जोडला जातो: कुरिअरची पोचपावती. पहिलीला तो कागद बरोबर लागू पडतो. दुसरीला त्याचा काहीच उपयोग नसतो.

अथणीकडच्या ज्या अण्णांच्या ऑर्डरींचे कागद मी बघतो, त्यांच्याकडे या दोन्ही तक्रारी पाठोपाठ आल्या. म्हणून त्यांचंच उदाहरण घेतो.

पहिली ऑर्डर इंग्लंडमधली होती, दोन जोड, ६,५०० रुपयांची. तक्रारीचा कोड व्हिसाचा १३.१, म्हणजे माल मिळाला नाही. इथे बँक एकच गोष्ट तपासते: ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या मुदतीत माल पोचला का? ट्रॅकिंगच्या पानावर ‘Delivered’, तारीख आणि निदान गाव व पोस्टकोड दिसत असेल, आणि तो पोस्टकोड ऑर्डरमधल्या पत्त्याशी जुळत असेल, तर आपली बाजू भक्कम होते. अण्णांचं पार्सल आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टनं गेलं होतं. शेवटी IN असलेल्या त्याच १३ अक्षरी नंबरावर ते तिकडच्या पोस्टाच्या साइटवर ‘Delivered’ दिसत होतं. पण त्यांनी जोडला होता इथल्या पोस्टातल्या बुकिंगच्या पावतीचा फोटो. ती पावती माल निघाल्याचा पुरावा आहे, पोचल्याचा नाही. ट्रॅकिंगवर पार्सल मुंबईहून परदेशी रवाना झाल्याचं दिसतं, तेही तसंच. ती ओळ आली तरी पोचेपर्यंत माल आपल्याच जबाबदारीवर असतो. मुदत संपायच्या आत आम्ही तिकडच्या साइटचं पान जोडलं आणि ते प्रकरण अण्णांच्या बाजूनं मिटलं.

ही तक्रार जिंकणं हरणं बहुतेक वेळा पार्सल बांधतानाच ठरतं. पत्ता त्यातली मोठी बाब. ऑर्डर एका पत्त्याची असते आणि नंतर गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर लिहितं, ‘बहिणीकडे पाठवा, मी गावाला जातेय’. आपण माणुसकीनं पाठवतो आणि पोचपावतीवरचा पत्ता ऑर्डरशी जुळेनासा होतो. पेपालचं विक्रेता संरक्षण तर व्यवहाराच्या पानावर जो पत्ता आहे तिथेच माल गेला तर मिळतं. पत्ता बदलायचाच असेल तर ती ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्यानं पुन्हा घ्यायला सांगावं. गिऱ्हाइकाला पाच मिनिटांचा त्रास होतो, पण कागद जुळतात. पेपालवर ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेसाठी सहीची पोच लागते, हेही माहीत असू द्या. चपलांच्या सुट्या जोडाला ती वेळ येत नाही, पण एखाद्या दुकानानं वीस जोड मागवले तर येते.

दुसरी बाब तारखेची. पानावर ‘लवकरच पाठवू’ असं लिहिलं असेल तर ते काहीच न लिहिल्यासारखं आहे. पोचण्याची तारीख कुठेच नसेल तर व्हिसाच्या नियमानं व्यवहारापासून १५ दिवसांनी ही तक्रार करता येते. हातानं शिवलेली चपल १५ दिवसांत पुष्कळदा कारखान्यातूनच निघालेली नसते. म्हणून अण्णांच्या पानावर आता इंग्रजीत सरळ लिहिलंय: बनवायला दोन आठवडे, पोचायला तीन ते चार आठवडे, आणि तिकडची कस्टम ड्युटी गिऱ्हाइकाकडे. या शेवटच्या ओळीचा आधार मोठा आहे. ड्युटी भरली नाही म्हणून माल तिकडच्या कस्टममध्ये अडकला असेल तर तो ‘मिळाला नाही’ या तक्रारीत धरत नाहीत. पण तो अडकलाय हे ट्रॅकिंगच्या नोंदीतून दाखवावं लागतं.

आता दुसरी तक्रार. कोड १३.३, सांगितल्यासारखं नाही किंवा सदोष. गिऱ्हाईक कॅनडातलं होतं. म्हणणं असं की फोटोत चपल गडद तपकिरी होती, आलेली फिकट आहे आणि पायात जात नाही. अण्णांनी उत्साहानं पुन्हा पोचपावती पाठवली, या वेळी बरोबर पान काढून. तरी पैसे गेले. “पोचपावती आहे की! मग पैसे कसे काय गेले?” ते विचारत होते. कारण माल मिळाला हे गिऱ्हाईक स्वतःच सांगत होतं. ज्या गोष्टीवर वादच नाही तिचा पुरावा देऊन उपयोग नसतो. बँकेचा प्रश्न वेगळा होता: तुम्ही काय कबूल केलं होतं आणि काय पाठवलं?

आणि इथे, अण्णांना वाईट वाटलं तरी, गिऱ्हाइकाचं अर्धं म्हणणं खरं होतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं सुरुवातीला फिकट बदामी असतं, तेल दिलं की गडद होतं. पानावरचा फोटो तेल दिलेल्या चपलेचा होता आणि पाठवलेली चपल कोरी होती. खाली ‘रंगात थोडाफार फरक पडू शकतो’ अशी ओळ होती. असल्या मोघम ओळीनं बँकेचं समाधान होत नाही. आता फोटो दोन आहेत, कोऱ्या आणि तेल दिलेल्या जोडाचा, आणि कुठला जोड येणार ते फोटोखालीच लिहिलंय. नवी चपल पहिले काही दिवस घट्ट लागते, कान आणि पट्टा पायानुसार सैल होतात, हेही तिथेच आहे. ही माहिती अटींच्या वेगळ्या पानात दडवून ठेवली असती तर तिचा निम्मा जोर गेला असता.

मापाचंही तसंच. पानावर फक्त ‘UK 8’ होतं. त्या आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीत थोडा वेगळा निघतो, मग वाद कसा मिटणार? आता गिऱ्हाईक कागदावर पाऊल ठेवून टाच ते अंगठा लांबी सेंटिमीटरमध्ये कळवतं, समजा २६. तो मेसेज ऑर्डरच्या फोल्डरमध्ये जातो. पार्सल बांधण्याआधी तळावर पट्टी ठेवून फोटो काढतात आणि त्यात ऑर्डर नंबराची चिठ्ठी दिसते. या तक्रारीला खरं उत्तर देणारे कागद हे आहेत: त्या दिवशी पानावर काय होतं त्याचा स्क्रीनशॉट, गिऱ्हाइकानं दिलेलं माप आणि पट्टीचा फोटो.

अटींबद्दल एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलाय. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ परदेशी कार्डालाही पुरेल असं लोक धरून चालतात. मन बदललं म्हणून परत करू पाहणाऱ्याला ती ओळ अडवू शकते, तीही पैसे भरायच्या आधी त्याला दिसली आणि त्यानं खूण करून मान्य केली असेल तरच. पार्सलमधल्या बिलावर छापलेली अट पैसे भरल्यानंतर वाचली जाते, म्हणून ती धरली जात नाही. आणि माल वर्णनाप्रमाणे नसेल तर ‘परतावा नाही’ या अटीचा बचाव टिकत नाही. १३.३ मध्ये विक्रेत्याच्या कामाची बाजू वेगळीच आहे: गिऱ्हाइकानं आधी आपल्याशी बोलून वाद मिटवायचा आणि माल परत करायचा प्रयत्न केलेला असावा लागतो. म्हणून परतीचा पत्ता, किती दिवसांत कळवायचं आणि परतीचा खर्च कोणाचा, हे लिहून ठेवणारा दुकानदार जास्त सुरक्षित असतो. आपण ‘परत पाठवा, पैसे देतो’ म्हटल्यावर गिऱ्हाइकानं उत्तरच दिलं नाही, तर तो ईमेल आपला सगळ्यात चांगला कागद ठरतो.

तक्रार कुठली आहे हे ओळखायला व्हिसाच्या सूचनेत कोड बघितला की भागतं. मास्टरकार्डमध्ये जपून बघा. तिथे या दोन्ही तक्रारी ४८५३ या एकाच कोडखाली येतात, म्हणून सोबतचा मजकूर वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये. आणि कोड १०.४ असेल तर गिऱ्हाईक ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ म्हणतंय. त्याचे पुरावे पूर्णपणे वेगळे असतात. कधी कधी कार्डाच्या स्टेटमेंटवर दुकानाच्या नावाऐवजी मालकाचं नाव येतं आणि गिऱ्हाइकाला ते ओळखू येत नाही, तेव्हाही हा कोड येतो. गेटवेला सांगून स्टेटमेंटवर दुकानाचं नाव घालून घ्यावं.

आपल्या भागाला खास लागू असलेली एक अडचण आहे. आपली बरीच गिऱ्हाइकं तिकडे राहणारी मराठी माणसंच असतात. सगळं बोलणं मराठीत, काही कानडीत, आणि बरंचसं व्हॉइस मेसेजवर होतं. तक्रार वाचणाऱ्या बँकेतल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. म्हणून माप, रंग आणि तारीख ठरली की त्याच दिवशी दोन ओळींचा इंग्रजी ईमेल पाठवून ‘बरोबर ना?’ असं विचारावं आणि उत्तर जपून ठेवावं. मराठी चॅट जोडायचंच असेल तर शेजारी इंग्रजी भाषांतर द्यावं. कानडी बिलालाही तेच.

कागद किती दिवस ठेवायचे? कार्डाच्या तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते. माल न मिळाल्याच्या तक्रारीत ती पोचायच्या ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते आणि व्हिसात एकूण ५४० दिवसांपर्यंत ताणली जाऊ शकते. पेपालवर पैसे दिल्यापासून १८० दिवस. ट्रॅकिंगची पानं मात्र कायमची राहत नाहीत, म्हणून ‘Delivered’ दिसल्याच्या दिवशीच त्या पानाची पीडीएफ करून ठेवावी. निदान दोन वर्षं फोल्डर काढू नये.

तक्रार आल्याची सूचना मिळाल्यावर घाबरून गिऱ्हाइकाला वेगळा रिफंड करू नका. चार्जबॅकमध्ये रक्कम आधीच ओढली गेलेली असते. वर रिफंड गेला तर तेच पैसे दोनदा जातात आणि दुसऱ्यांदा गेलेले परत मिळवणं फार अवघड असतं. गिऱ्हाइकाचं म्हणणं खरं असेल तर गेटवेच्या पानावर तक्रार मान्य करावी, म्हणजे पैसे एकदाच जातात. खरं नसेल तर सूचनेत दिलेल्या मुदतीच्या आत, त्या तक्रारीला लागू असलेलेच कागद, एका पानाच्या इंग्रजी पत्रासोबत द्यावेत. व्हिसा आपल्या बाजूच्या बँकेला ३० दिवस देतं, पण त्यातले काही दिवस बँक आणि गेटवे स्वतःसाठी ठेवतात, म्हणून आपल्या हाती त्याहून कमीच येतात.