रजिस्टर्ड एजंटचा पत्ता

अमेरिकेतील एखाद्या राज्यात स्थापन झालेल्या कंपनीच्या वतीने न्यायालयाचे समन्स आणि राज्य सरकारच्या नोटिसा स्वीकारण्यासाठी कायद्याने सक्तीने नेमावी लागणारी व्यक्ती किंवा संस्था म्हणजे रजिस्टर्ड एजंट. तिचा पत्ता त्याच राज्यातला, रस्ता आणि इमारत असलेला असावा लागतो. नुसता पोस्टाचा बॉक्स चालत नाही, कारण कामाच्या वेळेत कागद हातात घेणारे माणूस तिथे हवे. कंपनीचे मालक, कामगार, माल किंवा हिशेबाच्या वह्या त्या पत्त्यावर असाव्यात अशी मात्र अपेक्षा नसते. डेलावेअर राज्याचा कायदा हे उघड सांगतो: राज्यातले नोंदणीकृत कार्यालय आणि व्यवसायाचे ठिकाण एकच असू शकते, पण असलेच पाहिजे असे नाही.

सोलापुरातील कारखानदाराला हा पत्ता खऱ्या कार्यालयासारखा वाटतो, याचे कारण आपल्याकडच्या अनुभवात आहे. भारताच्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार स्थापनेपासून ३० दिवसांत नोंदणीकृत कार्यालय असावे लागते आणि कंपनीच्या नावाची पाटी दर्शनी भागात लावावी लागते. हिशेबाची पुस्तकेही साधारणपणे तिथेच ठेवायची असतात. व्यवसाय खरोखर चालत नाही अशी शंका आली, तर निबंधक प्रत्यक्ष जागा तपासू शकतो. म्हणून अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा नोंदणीकृत पत्ता वाचून कोणी गेले, तर तिथे पाटी दिसते आणि विचारपूस करता येते. डेलावेअरच्या पत्त्यावर गेले तर भेटतो तो एजंटचा कर्मचारी, आणि त्याला टॉवेलचा भाव माहीत नसतो.

गोंधळाचे मूळ स्थापनेच्या कागदात आहे. डेलावेअरमध्ये एलएलसी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी स्थापन करताना जो दाखला दाखल होतो, त्यात कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि एजंटचे नाव-पत्ता एवढेच मागितले जाते. मालक कोण, तो कुठे बसतो, माल कुठे ठेवतो, हे विचारलेच जात नाही. त्यामुळे राज्याच्या नोंदीत शोध घेतला, की कंपनीपुढे एकच पत्ता दिसतो आणि तो एजंटचा असतो. विल्मिंग्टन शहरातील १२०९, नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट ही एक साधी बैठी इमारत. २०१२ च्या वृत्तांनुसार सुमारे २,८५,००० कंपन्यांचा कायदेशीर पत्ता तोच होता. त्या तिथे काम करत नव्हत्या, त्यांची टपालपेटी तेवढी तिथे होती.

एक उदाहरण घेऊ. सोलापूरच्या एका टेरी टॉवेल उत्पादकाने अमेरिकी ग्राहकांना थेट विक्री करण्यासाठी डेलावेअरमध्ये एलएलसी काढली. एजंट विल्मिंग्टनचा, मालाचे गोदाम न्यू जर्सीत, तेही दुसऱ्याच्या मालकीचे आणि भाड्याचे. भाव, डिझाइन, सूतखरेदी आणि मालाचे वेळापत्रक हे सगळे निर्णय सोलापुरात होतात. आता या कंपनीचा पत्ता कोणता? उत्तर प्रत्येक कागदावर वेगळे आहे. स्थापनेच्या दाखल्यावर विल्मिंग्टन बरोबर आहे. करक्रमांकासाठी अमेरिकी करखात्याकडे जाणाऱ्या एसएस-४ अर्जात टपालाचा पत्ता आणि रस्त्याचा पत्ता यांच्या वेगळ्या ओळी असतात. तिथे सोलापूरचा पत्ता लिहिणे हेच खरे उत्तर आहे. बँकेला तर कंपनीचे मुख्य व्यवसायस्थान, स्थानिक कार्यालय किंवा अन्य प्रत्यक्ष जागा हवी असते, कारण ग्राहकाची ओळख पटवण्याचा संघराज्याचा नियम तेच मागतो. तिथे एजंटचा पत्ता टाकला की अर्ज अडकतो. एकाच पत्त्यावर हजारो कंपन्या आहेत हे बँकेला लगेच दिसते, आणि मग भाडेकरार किंवा वीजबिल मागितले जाते. ते एजंटच्या जागेचे कोणाजवळच नसते.

न्यू जर्सीचा प्रश्न आणखी वेगळा. डेलावेअर विक्रीकर लावत नाही, म्हणून करच नाही अशी समजूत सर्रास आढळते. विक्रीकराचा संबंध मात्र माल कुठे ठेवला आणि कुठे विकला याच्याशी असतो, स्थापनेच्या राज्याशी नाही. गोदामात माल असल्यामुळे न्यू जर्सीत करनोंदणी लागू शकते. परराज्यातील कंपनी म्हणून तिथे व्यवसाय-नोंदणीही लागू शकते, आणि ती केली तर न्यू जर्सीतही एक रजिस्टर्ड एजंट नेमावा लागतो. मग कंपनीच्या नावापुढे दोन राज्यांतले दोन एजंट-पत्ते लागतात. कार्यालय मात्र अजूनही सोलापुरातच असते.

या पत्त्यावर काय पाठवता येत नाही, हेही पाहायला हवे. ग्राहकाने परत केलेले टॉवेल एजंटकडे आले, तर बहुतेक एजंट ते घेत नाहीत. त्यांचा करार समन्स आणि सरकारी कागदांपुरता असतो. खरा धोका उलट बाजूचा आहे: जे एजंटकडे आले ते कंपनीला मिळाले असे कायदा मानतो. संघराज्याच्या न्यायालयात समन्स बजावल्यापासून साधारण २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे दिवस एजंटच्या हातात कागद पडला त्या दिवसापासून मोजतात, सोलापुरात ईमेल उघडला त्या दिवसापासून नव्हे. एजंटकडे नोंदवलेला ईमेल जुना असेल, तर उत्तर न दिल्यामुळे एकतर्फी निकाल लागू शकतो. म्हणून कंपनी काढणाऱ्याने एजंटकडचा आपला संपर्क अद्ययावत ठेवणे, हे मला या सगळ्या व्यवहारातले सर्वांत दुर्लक्षित काम वाटते.

एजंटची वार्षिक फी थकली तर तो राजीनामा देऊ शकतो. डेलावेअरमध्ये त्यानंतर ३० दिवसांत नवा एजंट नेमला नाही, तर एलएलसीचा दाखलाच रद्द होतो. दरवर्षी १ जूनपर्यंत भरायचा ३०० डॉलरचा कर यापासून वेगळा आहे. त्याची नोटीसही एजंटकडेच जाते.

न्यायालयांनीही कागदावरचा पत्ता आणि प्रत्यक्ष कारभार वेगळा धरला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या हर्ट्झ खटल्यात सांगितले, की कंपनीचे मुख्य व्यवसायस्थान म्हणजे तिचे अधिकारी जिथून कारभाराला दिशा देतात आणि त्यावर नियंत्रण ठेवतात ती जागा. ते ठिकाण नुसती टपालपेटी निघाले, तर खरा कारभार जिथून चालतो ती जागा पाहायची. भारताच्या आयकर कायद्यातही याच विचाराची तरतूद आहे. परदेशी कंपनीचे महत्त्वाचे निर्णय वस्तुतः भारतात होत असतील, तर ती भारतातील रहिवासी ठरू शकते. २०१७ च्या परिपत्रकानुसार वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपनीला ही तरतूद लावली जात नाही. पण त्यामुळे विल्मिंग्टन हे कार्यालय ठरत नाही. सोलापुरातून चाललेल्या व्यवसायाचा जो नफा या कामाला जोडता येईल, त्यावर भारतात कर लागण्याचा प्रश्न शिल्लकच राहतो. तो सीएसमोर आधीच ठेवावा.

सोलापूरच्या व्यापाऱ्याला हे उलट बाजूनेही उपयोगी पडते. अमेरिकी खरेदीदाराच्या ऑर्डरवर विल्मिंग्टनचा पत्ता दिसला, तर तो खोटा आहे असे समजू नये. तो त्याच्या कार्यालयाचा आहे असेही समजू नये. प्रत्यक्ष कामाची जागा, माल उतरवण्याचे ठिकाण आणि पैसे येणाऱ्या बँकखात्याचे नाव यांची मागणी वेगळी करावी. दावा दाखल करायचा झाला, तर समन्स मात्र त्या एजंटच्याच पत्त्यावर बजावता येते.