फ्लँजचं मॉडेल पाठवण्याआधी: बोल्टची भोकं मध्यरेषेवर नकोत, तिच्या दोन्ही बाजूंना हवीत

आमच्याकडे पाइप स्पूल बनवायला देणारे बहुतेक ग्राहक आता स्वतःच थ्रीडी मॉडेल करतात आणि त्यातून काढलेलं ड्रॉइंग पाठवतात. मापं नीट असतात, फ्लँजचा क्लास लिहिलेला असतो, मटेरियलही लिहिलेलं असतं. तरीही आम्ही ड्रॉइंग परत पाठवतो आणि एकच गोष्ट विचारतो: भोकांची दिशा कोणती? "बोल्ट तर मॉडेलमध्ये बसलेत, मग अडलं कुठे?" असा फोन लगेच येतो. त्या फोनचं उत्तर एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे माहितीपत्रक.

उदाहरण म्हणून चार इंची, क्लास १५० चा फ्लँज घेऊ, कारण सगळ्यात जास्त कामं त्याचीच येतात. ASME B16.5 प्रमाणे त्याचा पीसीडी, म्हणजे भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, १९०.५ मिमी असतो. भोकं आठ, प्रत्येक पाऊण इंची, म्हणजे साधारण १९ मिमी, आणि त्यात बोल्ट ५/८ इंची. ही मापं सहसा कुणाची चुकत नाहीत. चुकतं ते पहिलं भोक कुठे घ्यायचं हे. स्केच काढताना उभी मध्यरेषा समोर आयतीच असते, त्यामुळे पहिलं भोक तिच्यावर टाकलं जातं आणि Circular Pattern देऊन आठ भोकं पूर्ण होतात. चित्र छान दिसतं, पण पाइपिंगमध्ये फ्लँज असा उभा राहत नाही. फ्लँजचा चेहरा उभा असेल तर उभी मध्यरेषा वरच्या दोन भोकांच्या बरोबर मधून गेली पाहिजे. चेहरा आकाशाकडे असेल तर हाच नियम प्लँटच्या उत्तर-दक्षिण रेषेला किंवा पंपाच्या मध्यरेषेला लावायचा. पंप, व्हॉल्व्ह आणि व्हेसलच्या नोझलचे फ्लँज बनवणारे याच रीतीने भोकं पाडतात. म्हणूनच दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेले फ्लँज साइटवर एकमेकांना जुळतात.

आठ भोकांच्या फ्लँजमध्ये दोन भोकांमधला कोन ४५ अंश असतो. पहिलं भोक मध्यरेषेवर घेतलं की सगळा नमुना त्याच्या निम्म्याने, म्हणजे २२.५ अंशांनी फिरतो. या पीसीडीवर ते अंतर ३७ मिमी भरतं. समोरच्या फ्लँजला जिथे भोक, तिथे तुमच्या फ्लँजला दोन भोकांमधलं सलग लोखंड येतं. भोक थोडं घासून मोठं करावं, बोल्ट ठोकून बसवावा, असले उपाय इथे चालत नाहीत. ASME B31.3 मध्ये समोरासमोरच्या भोकांना जास्तीत जास्त ३ मिमी सरक मान्य आहे. या फ्लँजवर ३ मिमी म्हणजे दोन अंशांपेक्षाही कमी फिरणं.

मग मॉडेलमध्ये बोल्ट बसतात कसे? वेळ खाणारी खरी गोष्ट हीच आहे. एका साखर कारखान्याच्या पंपाची लाइन आमच्याकडे दुरुस्तीला आली होती, तिच्यात हे अगदी स्पष्ट दिसलं. पंपाच्या डिलिव्हरीवरून पाइप वर जातो, नव्वद अंशांचा एल्बो, मग आडवा पाइप आणि शेवटी व्हॉल्व्ह. स्पूलच्या दोन्ही टोकांना स्लिप-ऑन फ्लँज. SolidWorks मध्ये स्पूलची वेगळी असेंब्ली केलेली होती. तिच्यात फ्लँजचा अक्ष पाइपच्या अक्षाला जोडला होता, पण फ्लँजने त्या अक्षाभोवती फिरू नये म्हणून काहीच बांधलेलं नव्हतं. पुढे मुख्य असेंब्लीत ती स्पूल Flexible ठेवली होती, आणि पंपाच्या एका भोकाला स्पूलचं एक भोक Concentric केलं होतं. सॉफ्टवेअरने सांगितल्याप्रमाणे केलं: फ्लँज २२.५ अंश फिरवला आणि भोकं जुळवून दाखवली. मात्र हे फिरणं फक्त मुख्य असेंब्लीत राहिलं. स्पूलच्या स्वतःच्या फाइलमध्ये भोक मध्यरेषेवरच होतं, आणि वर्कशॉपला दिलेलं ड्रॉइंग निघालं त्या फाइलमधून.

ज्यांनी ती स्पूल बनवली त्यांनी ड्रॉइंग बरहुकूम बनवली, हायड्रोटेस्ट केली, रंगही दिला. साइटवर एकाही टोकाला बोल्ट जाईना. स्क्रीनवर फ्लँज मोकळा फिरतो, पण वेल्ड झालेला फ्लँज फिरत नाही. दोन्ही फ्लँजचे आतले-बाहेरचे वेल्ड ग्राइंडरने काढले, पाइपची टोकं खराब झाली म्हणून नवे तुकडे जोडले, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा टेस्ट, पुन्हा रंग. नव्या स्पूलइतकंच काम झालं आणि तोवर पंप बंद राहिला.

म्हणून आमचा आग्रह असा की भोकाला भोक Concentric करून फ्लँजची दिशा ठरवू नका. दिशा आधी ठरवा आणि भोकं जुळतात का ते नंतर तपासा. फ्लँजच्या पार्टमध्येच पहिलं भोक उभ्या मध्यरेषेपासून अर्ध्या कोनावर घ्या. समीकरणात बांधलं की साइज बदलली तरी ते बिघडत नाही:

```
"PCD" = 190.5
"N" = 8
"StartAngle" = 180 / "N"
```

स्केचमध्ये एकच भोक काढा, त्याचा उभ्या रेषेशी कोन "StartAngle" ला आणि पॅटर्नची संख्या "N" ला जोडा. समोरासमोरचे दोन्ही फ्लँज याच एका फाइलवरून घ्या, म्हणजे पीसीडी दोनदा टाइप करावा लागत नाही. असेंब्लीत चेहऱ्याला Coincident, अक्षाला Concentric, आणि फिरणं थांबवायला फ्लँजच्या उभ्या प्लेनला स्पूलच्या उभ्या प्लेनशी Parallel द्या. हे तिन्ही मेट स्पूलच्या फाइलमध्येच द्यायचे, मुख्य असेंब्लीत नाही.

आता एक बोल्ट बसवा आणि बाकीचे Pattern Driven Component Pattern ने भरा. इथे एक खाचखळगा आहे. हा पॅटर्न ज्या फ्लँजवरून घेतला त्याच्याच भोकांमागे जातो, समोरच्या फ्लँजकडे बघत नाही. त्यामुळे शेवटी Interference Detection चालवायचंच. बोल्ट लोखंडात घुसलेला दिसला तर मेट सैल करून जुळवू नका. कुठला फ्लँज फिरलेला आहे ते आधी शोधा. कधीकधी कारण वेगळंच निघतं: पंपाचा फ्लँज PN16 चा असतो आणि तुमचा क्लास १५० चा. दोन्हींना आठच भोकं, पण PN16 चा पीसीडी १८० मिमी. ते दोन फ्लँज फिरवून जुळणारच नाहीत.

छापलेल्या ड्रॉइंगवर तपासायची सोपी खूण आहे. वरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं आडवं अंतर आणि फ्लँजच्या केंद्रापासून त्यांची उंची मोजा. चार इंची क्लास १५० ला ती ७२.९ मिमी आणि ८८ मिमी यायला हवीत. उंची ९५.२५ आली, म्हणजे भोक मध्यरेषेवर आहे. आमचा फिटर टॅक मारण्याआधी हेच पाहतो. वरच्या दोन भोकांत दोन पिना घालतो, त्यांच्यावर लेव्हल ठेवतो आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत फ्लँज हलवतो. त्याला कोन मोजावा लागत नाही, पण ड्रॉइंगवर भोक माथ्यावर दाखवलेलं असेल तर तो थांबतो आणि तुम्हाला फोन येतो.

एल्बो तिरका वळवलेला असेल तर आणखी जपा. B16.5 च्या फ्लँजला भोकं नेहमी चारच्या पटीत असतात, त्यामुळे नव्वद अंश फिरवला तरी नमुना तोच राहतो. आठ भोकांचा ४५ अंशांतही तोच राहतो. पण तीन इंची क्लास १५० ला चारच भोकं असतात. लाइन ४५ अंशांत वळवून फ्लँजचं प्लेन एल्बोला Parallel केलं, तर भोक थेट मध्यरेषेवर येतं. चार इंचीवर ज्यांचं बिनबोभाट चाललं, तेच तीन इंचीवर अडकतात. फ्लँजची दिशा एल्बोशी नव्हे, तर जमिनीच्या उभ्या रेषेशी बांधायची.

गॅस्केटबद्दलही थोडं, कारण लांबी त्याच्यामुळे चुकते. गॅस्केट मॉडेलमध्ये खऱ्या जाडीचं ठेवा. पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही फाउंडेशनवर पक्के असतील आणि चेहऱ्यापासून चेहऱ्यापर्यंत १५०० मिमी जागा असेल, तर ३ मिमी शीटच्या दोन गॅस्केटसाठी सरळ स्पूल १४९४ ची लागते. १५०० ची बनवली तर ती आत जाणारच नाही. स्पायरल वाउंड गॅस्केट ४.५ मिमीचं येतं, पण आवळल्यावर साधारण ३.३ वर बसतं. मॉडेलमध्ये हे आवळलेलं माप घ्या. शीटच्या रिंग गॅस्केटचा बाहेरचा व्यास पीसीडीमधून बोल्टचा व्यास वजा करून येतो: १९०.५ वजा १५.९, म्हणजे १७४.६. ते बोल्टच्या आतल्या बाजूला टेकून आपोआप मध्यावर बसतं, त्याला भोकं लागत नाहीत. फ्लँजची नक्कल करून आठ भोकांचं गॅस्केट काढण्याची गरज सपाट चेहऱ्याच्या फ्लँजला असते. रेझ्ड फेस असेल तर त्या गॅस्केटची बाहेरची कड दाबलीच जात नाही.

ड्रॉइंग परत आलं की एखादा दिवस जातो, हे आम्हाला माहीत आहे आणि घाईच्या शटडाउनमध्ये तो जड जातो. तरीही भोकांची दिशा लिहून आल्याशिवाय आम्ही पाइप कापत नाही. कापण्याआधी ही तपासणी आम्ही विनामूल्य करतो, ऑर्डर आमच्याकडे द्यायची की नाही हे तुमचं अजून ठरलेलं नसलं तरीही. अर्ध्या ते बारा इंचांपर्यंतच्या क्लास १५० आणि ३०० फ्लँजच्या पार्ट फाइल, पहिलं भोक योग्य कोनावर घेऊन, आमच्याकडे तयार आहेत. मागितल्या की लगेच पाठवतो.

जुन्या पंपाच्या फ्लँजबद्दल खात्री नसेल तर अंदाजाने मॉडेल करू नका. त्याच्या चेहऱ्याचा सरळ समोरून फोटो काढा, फोटोत पंपाची मध्यरेषा दिसेल असं बघा, आणि शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून भोकांच्या संख्येसकट कळवा. तेवढ्यावरून पीसीडी काढता येतो. तरीही शंका उरली तर एका टोकाचा फ्लँज फक्त टॅक करून देतो, साइटवर जुळवून तुमचा वेल्डर पूर्ण करेल. वारंवार उघडावा लागणारा जॉइंट असेल तर तिथे लॅप जॉइंट फ्लँज सुचवतो. त्याची रिंग वेल्डशिवाय मोकळी फिरते, त्यामुळे भोकं कधीही जुळवता येतात. साध्या स्लिप-ऑनपेक्षा तो महाग पडतो, म्हणून गरज असेल त्याच टोकाला लावा.

चौकशी पाठवताना स्पूलच्या ड्रॉइंगवर, प्रत्येक फ्लँजजवळ, एवढ्या तीन गोष्टी लिहा: फ्लँजची साइज आणि क्लास, गॅस्केटचा प्रकार व आवळल्यानंतरची जाडी, आणि भोकं कोणत्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हवीत ती रेषा.