खरे अर्थिंग आणि न्यूट्रलला जोडलेली अर्थ पिन

तीन पिनांच्या सॉकेटमधले वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे असते, परंतु त्यामागे इमारतीच्या अर्थ पिटपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत, गेलेली हिरवी तार आहे की बोर्डातच न्यूट्रलला जोडलेला वायरचा तुकडा, हे बाहेरून दिसत नाही. साध्या पेन टेस्टरनेही ते कळत नाही, कारण अर्थची तार तुटलेली असली तरी त्याचा दिवा त्या छिद्रात सहसा लागत नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर अर्थिंग मुळीच नसेल तर ते दाखवतो, मात्र न्यूट्रलच्या जोडाला तोही ‘ठीक’ म्हणतो. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीलाच जोडलेला असल्याने फेजच्या तुलनेत दोन्ही सारखेच भासतात.

धोका मात्र सारखा नाही. बोर्डाकडे येणारा न्यूट्रल कुठे सुटला, तर चालू फ्रिजमधून आलेला प्रवाह त्या जोडातून थेट फ्रिजच्या पत्र्यावर येतो आणि फ्रिजमध्ये काहीही बिघाड नसताना हात लावणाऱ्याला २३० व्होल्टचा झटका बसू शकतो.

हा फरक मल्टिमीटरने उघड होतो. आमच्या जुन्या इमारतीतल्या सदनिकेत फेज ते न्यूट्रल २३१ आणि फेज ते अर्थ २३१ व्होल्ट आले, तेव्हा मला हायसे वाटले होते. वायरमनने त्याच बोर्डावर हजार वॅटची इस्त्री लावली आणि न्यूट्रल ते अर्थ मोजले. खरे अर्थिंग असते, तर न्यूट्रलच्या तारेत भार वाहू लागताच तिथे व्होल्टभर तरी फरक दिसला असता. आमचा आकडा शून्यावरून हलला नाही. मेन बंद करून त्याने बोर्ड उघडला, तेव्हा न्यूट्रलपासून अर्थ पिनपर्यंत बोटभर काळी वायर निघाली.

असा तुकडा आधी काढून टाकावा, मग टेस्टरने ‘अर्थिंग नाही’ असे दाखवले तरी चालेल. त्यानंतर परवानाधारक वायरमनकडून हिरवी तार वितरण पेटीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत आणि तिथून मीटर रूमपर्यंत तपासून घ्यावी. जुन्या इमारतींत ती पुष्कळदा मीटर रूममध्येच सुटलेली सापडते, आणि तिथून पिटपर्यंतचे काम सोसायटीचे असल्यामुळे समितीला लेखी कळवावे लागते. वरच्या मजल्यावरून पाण्याच्या नळाला तार बांधणे हा पर्याय नव्हे, कारण पाइप मध्येच प्लास्टिकचा असेल तर सगळ्या घरांचे नळ प्रवाहित होऊ शकतात.

तोवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवावा. तो अर्थिंगविनाही काम करतो, पण पत्र्यावर आलेला प्रवाह बहुधा कुणी हात लावल्यावरच तोडतो, आधी नाही. म्हणून गिझर आणि वॉशिंग मशीन अर्थिंग मिळेपर्यंत बंदच ठेवावेत.