फ्लूची लस दरवर्षी का, आणि आपल्याकडे ती पावसाळ्याआधी का घ्यायची

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "मागच्या वर्षी घेतली होती की, परत कशाला?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "थंडी सुरू झाली की घेऊ ना?" दोन्हीची उत्तरं गर्दीत उभ्या-उभ्या नीट देता येत नाहीत म्हणून इथे लिहून ठेवतोय, घरी नेऊन निवांत वाचा.

आधी दरवर्षीचं. गोवरची लस लहानपणी घेतली की बहुतेकांचं आयुष्यभराचं काम होतं, कारण गोवरचा विषाणू बदलत नाही म्हटलं तरी चालेल. फ्लूचा विषाणू सतत बदलतो. त्याच्या अंगावर जे प्रोटीन असतं, ज्याला धरून आपलं शरीर त्याला ओळखतं, त्यातच थोडे थोडे फरक पडत राहतात आणि मग मागच्या वर्षी तयार झालेल्या अँटीबॉडीजना तो नीट ओळखू येत नाही. हे किती वेगाने होतं ते लसीच्या खोक्यावरच दिसतं. त्यावर लसीत कुठल्या जातीचे विषाणू आहेत त्यांची नावं छापलेली असतात, आणि नावात तो नमुना जिथे सापडला ते ठिकाण असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या लसीत एच3एन2 या प्रकाराचा नमुना 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराचा होता, 2024 मध्ये थायलंडचा आणि 2025 मध्ये क्रोएशियाचा. तीन वर्षांत तीन नमुने! त्याच वर्षांत बी प्रकाराचा ऑस्ट्रियाचा नमुना मात्र तसाच राहिला, म्हणजे लसीतलं सगळंच दरवर्षी बदलतं असंही नाही, जेवढं बदलायला हवं तेवढंच बदलतात.

मग काही जण म्हणतात, यंदा नमुने तेच असतील तर लस नाही घेतली तर चालेल ना? नाही चालणार, कारण दुसरी भानगड आपल्या शरीराची आहे. लस घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांत अँटीबॉडीज पुरेशा तयार होतात, पुढचे काही महिने बऱ्या राहतात आणि मग हळूहळू कमी होत जातात, वय झालेल्यांमध्ये जरा लवकरच. म्हणून सहा-आठ महिन्यांनी लस फुकट गेली असं नसलं तरी तिचा जोर पहिल्यासारखा राहत नाही. आणि नेमका इथूनच महिन्याचा मुद्दा सुरू होतो, कारण जोर सगळ्यात जास्त असताना साथ यायला हवी, साथ ओसरल्यावर जोर असून काय उपयोग.

अमेरिका-युरोपात फ्लू हिवाळ्यात असतो म्हणून तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस घेतात. ते तिकडे बरोबरच आहे. महाराष्ट्रात मात्र फ्लूचा मुख्य जोर जून ते सप्टेंबर, म्हणजे भर पावसाळ्यात असतो, आणि जानेवारी ते मार्चमध्ये एक छोटी लाट येऊ शकते. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने जो हाहाकार उडवला होता, मास्क मिळत नव्हते, तो ऑगस्टच होता, आठवत असेल. पण सगळ्या भारतात एकच महिना नाही. श्रीनगरला साथ हिवाळ्यात येते, चेन्नईकडे पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असल्यामुळे तिथली साथही साधारण तेव्हाच जोर धरते. विषुववृत्ताजवळ सिंगापूरसारख्या ठिकाणी तर फ्लू वर्षभर थोडाफार चालूच असतो आणि वर्षातून दोनदा वाढतो. म्हणून आपल्याकडचा हिशोब सोपा आहे, एप्रिल-मे मध्ये लस घ्या, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत अंगात तयारी झालेली असते.

आता खोकं वाचायचं कसं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा कुठले नमुने वापरायचे ते ठरवते, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, आणि लस बनवून बाजारात यायला साधारण सहा महिने जातात. फेब्रुवारीच्या निर्णयाची लस सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते, तिच्यावर नॉर्दर्न हेमिस्फिअर आणि 2025-2026 असं जोडवर्ष असतं. सप्टेंबरच्या निर्णयाची लस पुढच्या मार्च-एप्रिलच्या आसपास येते, तिच्यावर सदर्न हेमिस्फिअर आणि एकच वर्ष असतं. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत, तरी एप्रिल-मे मध्ये आपल्याला ही सदर्नवालीच लागते, कारण पावसाळ्याआधीची तीच ताजी असते. एक्सपायरी डेट बघून समाधान मानू नका बरं का, एक्सपायरी पुढची असली तरी नमुने जुने असू शकतात, मे महिन्यात कोणी मागच्या ऑक्टोबरचा स्टॉक देत असेल तर सरळ विचारा, यावर्षीची सदर्न आहे का?

आमच्या एका नेहमीच्या काकांचं सांगतो, 68 वर्षांचे, शुगर आहे. मुलगा न्यू जर्सीला, तो दर ऑक्टोबरला फोन करून आठवण करणार आणि काका इमानदारीत ऑक्टोबरला लस घेणार. म्हणजे जुलैत साथ भरात येईपर्यंत त्यांच्या लसीला नऊ महिने झालेले आणि नमुनेही आधीच्या यादीतले. डॉक्टरांशी बोलून त्यांनी पुढच्या मे मध्ये नवीन सदर्न लस घेतली, आधीच्या लसीला सात महिने झाले होते त्यामुळे अंतराची अडचण नव्हती, आणि आता दरवर्षी मे. तुमचंही ऑक्टोबरचं चक्र असेल तर असंच एकदा सरकवून घ्या. आजी-आजोबा थंडीत नातवंडांकडे अमेरिकेला राहायला जाणार असतील तर गोष्ट वेगळी, त्यांनी प्रवासाआधी नॉर्दर्नवाल्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

मे हुकला तर जुलैतही घ्या, उशिरा घेतलेली लस उरलेल्या सीझनला तरी कामी येते. ऑक्टोबरला कोणी आलं की आम्ही आधी वय आणि आजार विचारतो. पासष्टीच्या पुढचे, दमा, शुगर, हार्टचा त्रास असलेले, गरोदर बायका यांनी यावर्षी घेतलेलीच नसेल तर थांबू नये, जानेवारीची लाट आहेच. धडधाकट तरुणाला मात्र आम्ही डॉक्टरांना विचारून एप्रिलपर्यंत थांबलास तरी चालेल असं सांगतो, विक्री गेली तरी.

लस घेऊनही सर्दी झाली अशी तक्रार येते. ही लस फक्त फ्लूची आहे, साध्या सर्दीचे विषाणू वेगळे. आणि फ्लूपासूनही शंभर टक्के संरक्षण नाही, नमुने जुळले त्या वर्षी साधारण 40 ते 60 टक्के, पण झालाच तर न्यूमोनिया, ॲडमिट होणं याचा धोका कमी होतो. लसीने फ्लू होतो हे खरं नाही, इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, दंड दुखणं किंवा एक-दोन दिवस कणकण एवढं होऊ शकतं.

लहान मुलांना सहा महिने पूर्ण झाल्यावर देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून त्यांना एप्रिलच्या सुरुवातीलाच आणा, नाहीतर दुसरा डोस पावसात जातो.

आमच्याकडून लस घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे नेणार असाल तर ती 2 ते 8 डिग्रीत राहायला हवी. आईस पॅक आम्ही देतो, पण तो खोक्याला थेट चिकटवू नका, मध्ये रुमाल नाहीतर पेपर ठेवा, आणि घरी गेल्यावर चुकूनही फ्रीझरमध्ये टाकू नका. गोठलेली लस परत वितळून वापरता येत नाही, दिसायला ठीक वाटली तरी टाकूनच द्यायची. शक्यतो वाटेत कुठे न थांबता थेट दवाखान्यात न्या. आधी कुठल्या लसीची जोरात ॲलर्जी आली असेल किंवा आत्ता ताप असेल तर डॉक्टरांना टोचण्याआधी सांगा, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा.