सूत्रसंचालन (छोट्या समारंभाचे)

पुस्तक प्रकाशन, वाचनालयाचा वर्धापनदिन, शाळेतला सत्कार, सोसायटीतले व्याख्यान अशा पन्नास ते दोनशे श्रोत्यांच्या कार्यक्रमात एका बाबीकडून दुसरीकडे नेण्याचे काम म्हणजे सूत्रसंचालन. ‘निवेदन’ हा शब्दही याच अर्थाने वापरतात, पण गाण्यांच्या मैफलीतला निवेदक गाण्याविषयी बोलतो आणि त्याचे बोलणे हा कार्यक्रमाचाच भाग असतो. सुधीर गाडगीळ, मंगला खाडिलकर यांच्यासारख्यांनी ही कला मराठी रंगमंचावर व्यवसाय म्हणून रुजवली. छोट्या समारंभाच्या सूत्रसंचालकाचे काम त्याहून रुक्ष असते. त्याच्याकडे वक्ते सोपवलेले असतात, एक घड्याळ असते आणि सभागृहाची किल्ली परत करायची वेळ ठरलेली असते. ही नोंद या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

मिनिटांचा हिशेब

कार्यक्रमपत्रिकेत बाबी असतात, मिनिटे नसतात. सूत्रसंचालकाचे पहिले काम म्हणजे प्रत्येक बाबीपुढे मिनिटे लिहून बेरीज करणे. भाषणांची मिनिटे सगळेच धरतात, पण उठण्याबसण्याची कोणी धरत नाही. वक्ता खुर्चीतून उठतो, माईकपाशी येतो, कागद लावतो, माईक खालीवर करतो, यातच अर्धे मिनिट जाते. त्याच्या आधी परिचय असतो आणि नंतर एखादे दुवा जोडणारे वाक्य. म्हणून प्रत्येक बदलासाठी दीड मिनिट धरावे. सत्काराचेही तेच आहे. नाव पुकारणे, तबक पुढे येणे, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि शेवटी छायाचित्रकाराकडे बघून थांबणे, याला माणशी दीड मिनिट सहज लागते. व्यासपीठावर पाच जण असतील तर आठ मिनिटे गेलीच.

उदाहरण म्हणून एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम घेऊ. हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन. त्यातच एका स्थानिक कवीच्या संग्रहाचे प्रकाशन ठेवले आहे. वेळ सायंकाळी ५.३० ते ७.३०. कागदावरचा हिशेब असा: दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन ७ मिनिटे, सत्कार ८, प्रास्ताविक ७, सभासदांचे कुसुमाग्रजांच्या कवितांचे वाचन १०, प्रकाशन आणि छायाचित्रे ६, कवीचे मनोगत १२, पुस्तकावर भाष्य १५, प्रमुख पाहुणे २०, अध्यक्षीय भाषण १५, आभार ४, पसायदान ३. बेरीज १०७. आठ बदलांची १२ मिनिटे मिळवली की ११९ होतात. म्हणजे एकशेवीस मिनिटांत एका मिनिटाची सवड. अशी पत्रिका छापायला जाण्यापूर्वीच एक वक्ता कमी करा असे संयोजकांना सांगावे. छापल्यावर ते कोणालाच जमत नाही आणि त्या चुकीचे खापर सूत्रसंचालकावर फुटते.

आता समजा प्रमुख पाहुणे वीस मिनिटे उशिरा, ५.५० ला पोचले. नेहमीची चूक अशी होते की सगळे त्यांची वाट बघत बसतात, मग सगळी बाबीनिहाय पत्रिका संथपणे पार पडते आणि शेवटच्या वक्त्याला, म्हणजे अध्यक्षांना, ‘वेळेअभावी दोन शब्द’ उरतात. त्याऐवजी कवितावाचन ५.४० ला सुरू करावे. त्याला पाहुणे लागत नाहीत आणि वाचणारे सभासद तयारच असतात. इथे दहा मिनिटे वाचली. सत्कारात नाव पुकारतानाच पुढचे तबक आणि पुढचा सत्कार करणारा जागेवर उभा ठेवला, छायाचित्रे शेवटी एकत्र काढली, की आठची चार मिनिटे होतात. सूत्रसंचालकाने स्वतःच्या बाराची आठ करावीत. आभार चारऐवजी दोन मिनिटांत, वैयक्तिक नावांऐवजी गटवार मानावेत. दहा, चार, चार, दोन, असे वीस भरून निघतात. एकाही वक्त्याचे मिनिट न कापता कार्यक्रम ७.२९ ला संपतो. वेळ कापायची ती आधी स्वतःची आणि सोपस्कारांची, हा क्रम मोडला की वक्ते दुखावतात आणि श्रोतेही उठू लागतात.

उघड्यावरच्या कार्यक्रमात आणखी एक भिंत असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तिथे शेवटची बाब साडेनऊला संपेल असाच हिशेब मांडावा.

वक्त्याचा परिचय

वक्त्याकडून येणारी माहिती बहुधा दोन पानी असते आणि ती तशीच वाचली की चार मिनिटे जातात. सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. म्हणून सत्तर-ऐंशी शब्दांचा परिचय म्हणजे पाऊण मिनिट, आणि तेवढा पुरतो. त्यात आजच्या विषयाशी संबंध असलेले एक-दोन तपशील ठेवावेत. कवितेवर बोलणाऱ्या प्राध्यापकांनी कोणत्या समित्यांवर काम केले हे श्रोत्यांना नको असते. त्यांनी वीस वर्षे कवितेचा अभ्यास कोणत्या अंगाने केला हे हवे असते. नाव शेवटी घ्यावे, कारण नावावर टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांतच वक्ता माईकपर्यंत पोचतो. नाव आधी घेऊन मग पुरस्कार वाचत बसले तर वक्ता अर्धवट उठून उभा राहतो.

आदल्या दिवशी फोन करून परिचय वक्त्याला वाचून दाखवावा. यात तीन गोष्टी हमखास सापडतात: बदललेले पद, चुकीची पदवी आणि नावाचा उच्चार. माहिती मोबाइलवर रोमन लिपीत आलेली असेल तर ळ आणि ल, ण आणि न, ड आणि द यांतला फरक पुसला गेलेला असतो. काळे आणि काले, गोळे आणि गोले एकसारखेच दिसतात. खात्री झाल्यावर नाव देवनागरीत, मोठ्या अक्षरांत कार्डावर लिहावे. सुट्या कागदांपेक्षा पोस्टकार्डाएवढी जाड कार्डे बरी. ती पंख्याच्या वाऱ्याने उडत नाहीत आणि बाब पुढेमागे झाली तर क्रम बदलता येतो.

बोलवण्याच्या वाक्यातच वेळ सांगता येते: ‘पुढची पंधरा मिनिटे या संग्रहातल्या ग्रामीण प्रतिमांविषयी आपल्याशी बोलतील…’ हा आकडा श्रोतेही ऐकतात आणि वक्ताही. ‘दोन शब्द बोलावेत अशी मी त्यांना विनंती करते’ या ठरीव वाक्यात वेळही नाही आणि विषयही नाही. शिवाय दोन शब्द म्हटल्यावर कोणी दोन शब्दांत थांबल्याचे ऐकिवात नाही. भाषण संपल्यावर त्याचा सारांश सांगू नये. श्रोत्यांनी ते आत्ताच ऐकलेले असते. त्यातला एखादा शब्द उचलून पुढच्या वक्त्याकडे जाणे एवढे पुरे. प्रत्येक दुव्यावर चारोळी किंवा शेर म्हणण्याची सवय फार पसरली आहे. संध्याकाळभरात एक शोभतो, तिसऱ्यापासून लोक मोबाइल काढतात.

खंड भरणे

अर्ध्या मिनिटापर्यंतची शांतता खपते. समईची वात लावताना, पुस्तकाचे बांधलेले पुडके सोडताना बोलायची गरज नसते, कारण श्रोते बघत असतात. तीन मिनिटांपर्यंतचा खंड बोलून भरावा. त्याहून मोठा असेल तर पुढची बाब अलीकडे घ्यावी. प्रोजेक्टर बंद पडला तर कारण सरळ सांगावे: ‘चित्रफीत सुरू व्हायला पाच मिनिटे लागतील, तोवर मनोगत ऐकू.’ कारण लपवले की श्रोते मागे वळून तारा ओढणाऱ्यांकडे पाहत राहतात.

भरणीचा मजकूर कोणत्याही वाक्यावर तोडता येणारा असावा. गोष्ट सांगायला घेतली आणि मध्येच पाहुणे दारात आले, तर ती अर्धवट सोडता येत नाही आणि पुरी करणेही बरे दिसत नाही. म्हणून सुटी वाक्ये तयार ठेवावीत: वाचनालय कधी सुरू झाले, आज पुस्तक किती सवलतीत आणि कोणत्या टेबलावर मिळेल, मागच्या रांगेतल्यांनी पुढे येण्याची सूचना. श्रोत्यांना ‘कोणी विनोद सांगेल का’ असे विचारू नये. कोणी उठत नाही, आणि उठला तर बसत नाही.

बरेचसे खंड आधी टाळता येतात. दीपप्रज्वलनात वेळ खाणारी गोष्ट एकच, विझणारी वात. व्यासपीठावरचा पंखा त्या वेळी बंद करावा, वाती आधी तेलात भिजवून ठेवाव्यात, टोकाला कापराचा कण लावावा आणि काडेपेटीऐवजी पेटती मेणबत्ती हाती द्यावी. एक शाल, एक नारळ आणि एक खुर्ची जादा ठेवावी, कारण पत्रिकेत नाव नसलेला मान्यवर ऐन वेळी येतोच. तो आला म्हणून चालू भाषण थांबवू नये. त्याला बसवावे आणि सत्कार पुढच्या दुव्यात करावा.

वक्त्याला थांबवणे

चिठ्ठी हे जुने आणि अजूनही सर्वांत सभ्य साधन आहे. पहिलीवर ‘५ मिनिटे’, दुसरीवर ‘कृपया समारोप’, दोन्ही आधीच लिहिलेल्या. स्वयंसेवकाने ती बाजूने येऊन माईकच्या स्टँडवर वक्त्याला दिसेल अशी उघडी ठेवावी. घडी घातलेली चिठ्ठी वक्ता न वाचताच बाजूला सारतो. ऐन किस्सा रंगला असताना ती देऊ नये. किस्सा संपून श्वास घेतला जातो तो क्षण धरावा. फार लवकर दिलेली चिठ्ठीही अंगाशी येते. ‘मला थांबायला सांगितले आहे, तरी थोडक्यात सांगतो’ असे म्हणून वक्ता नव्याने सुरुवात करतो आणि त्यात तीन मिनिटे जातात. दुसऱ्या चिठ्ठीचाही उपयोग झाला नाही तर सूत्रसंचालकाने उठून स्वतःच्या माईकपाशी, वक्त्याच्या नजरेत येईल असे उभे राहावे. यासाठीच त्याचा माईक वक्त्यांच्या माईकपासून वेगळा आणि व्यासपीठाच्या दुसऱ्या बाजूला हवा.

या उपायांना मर्यादा आहे. प्रमुख पाहुण्यांना वेळ मोडायचीच असेल तर त्यांना थांबवण्याचा अधिकार सूत्रसंचालकाकडे नसतो. तो संयोजकांपैकी एका ठरलेल्या व्यक्तीकडे असावा, आणि ती व्यक्ती पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसलेली असावी. तीन जण तीन वेगळ्या सूचना देऊ लागले की सूत्रसंचालकाच्या कार्डांचा क्रम बिघडतो.

शेवटची सूचना चहाची असते. ती पसायदानाच्या आधी, ‘पसायदानानंतर’ असे म्हणून द्यावी. नंतर दिली तर खुर्च्या सरकण्याच्या आवाजात ती कोणालाच ऐकू येत नाही.