रजोनिवृत्ति-संक्रमण : कामाच्या ठिकाणचे निवेदन

पाळी कायमची जाण्यापूर्वीच्या काही वर्षांत स्त्रीला होणारे त्रास आणि त्यानुसार कामाच्या आखणीत करायचे बदल, यांविषयी वरिष्ठ व्यवस्थापकाने सहकाऱ्यांपुढे केलेले निवेदन. हा काळ सुरू झाला हे कशावरून ठरवायचे, याच प्रश्नावर अशी निवेदने बहुधा अडतात.

व्याख्येबाबत एकवाक्यता नाही. २००१ साली मांडलेल्या व २०१२ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या, स्त्रीच्या प्रजननक्षमतेच्या उताराचे टप्पे ठरवणाऱ्या ‘स्ट्रॉ’ टप्पेवारीत लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत ७ किंवा अधिक दिवसांचा फरक पुन्हा पुन्हा पडणे ही संक्रमणाची सुरुवात मानली आहे. ६० दिवस किंवा अधिक पाळी न येणे हा त्याचा उत्तरार्ध होय. शेवटच्या पाळीनंतरचे पहिले वर्षही या काळात धरले जाते. मात्र अंगातून वाफा येणे किंवा झोपमोड होणे काही स्त्रियांत पाळी नियमित असतानाच सुरू होते, म्हणून काही अभ्यासक लक्षणांना अधिक महत्त्व देतात. कामाच्या ठिकाणी हाच दृष्टिकोन अधिक उपयुक्त ठरतो. अंडाशयाला चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची पातळी या काळात सतत खालीवर होत असल्याने एकदाच केलेल्या रक्ततपासणीने संक्रमण नाकारता येत नाही, आणि पंचेचाळिशीनंतर निदान मुख्यतः स्त्रीच्या सांगण्यावरूनच होते. ‘रिपोर्ट आणा, मग बघू’ असे म्हणणारा व्यवस्थापक म्हणूनच अन्याय करतो.

सांगलीजवळच्या कुपवाडसारख्या औद्योगिक भागातील सूतगिरणीचे उदाहरण घेता येईल. धागा तुटू नये म्हणून सूत कातणाऱ्या रिंग फ्रेम यंत्रांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. संक्रमणकाळात मेंदूतील तापमान-नियंत्रण थोड्याशा उष्णतेनेही चाळवते. चेहरा-मान लाल होऊन घाम फुटतो, आणि दमट हवेत तो लवकर सुकत नाही. अशा खात्यात व्यवस्थापकाने कामगारांवर देखरेख करणाऱ्या जॉबरना नेमके एवढेच सांगावे : बाईने हात वर केला की बदली कामगाराने तिच्याकडची यंत्राची बाजू म्हणजे साइड दहा मिनिटे सांभाळावी, कारण विचारू नये, ही दहा मिनिटे हजेरीत कापू नयेत आणि पाण्याची व स्वच्छतागृहाची वाट खात्यातूनच असावी. जॉबर पुरुष असेल तर बोलायला एक स्त्री सहकारी नेमावी. निवेदनात कोणाचेही नाव वा उदाहरण घेऊ नये, कारण खात्यात कोणाविषयी बोलणे चालले आहे हे तत्काळ ओळखू येते.

वायुवीजन, कृत्रिम आर्द्रता व स्वच्छतागृहे यांच्या तरतुदी पूर्वी कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये होत्या, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये आहेत; त्यांचे पालन हा या निवेदनाचा किमान पाया होय.

व्यवस्थापकाने निदान करू नये. तासाभरातच पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, त्याबरोबर धाप किंवा चक्कर, अथवा बारा महिने पाळी न येता पुन्हा झालेला रक्तस्राव असल्यास विश्रांती देऊन भागत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यासाठी भरपगारी सुटी द्यावी.